फेस स्वॅप, वर्गातल्या मुली आणि परिपाठानंतरचं माझं भाषण

खडूफळा

तालुक्याच्या गावात अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात आठवी ते दहावीच्या मुलांना परिपाठानंतर हॉलमध्येच बसवून घेतलं आणि फेस स्वॅपच्या ॲपबद्दल बोलले. भाषणाचा शेवटचा भाग मुख्याध्यापकांना पटला नाही, स्टाफरूममध्येही दोन तट पडलेत. पुढच्या महिन्यात हेच भाषण पाचवी ते सातवीसाठी करायचं आहे, म्हणून इथे टाकते. शाळा कुठली, काही घडलं होतं का, हे कृपया विचारू नका.

भाषण आठवेल तसं उतरवलंय :

"मुलांनो, पडद्याकडे बघा. ढोल-ताशा पथकातला हा ढोलवाला कुणासारखा दिसतोय?

बरोबर. आपले मुख्याध्यापक सर. हसून घ्या पोटभर, सरांची परवानगी आहे. फोटो सरांनी स्वतः दिला. चेहरा कुणाच्या अंगावर लावायचा ते त्यांनी ठरवलं. तुम्हाला दाखवायचं की नाही, तेही त्यांनीच ठरवलं. तुमच्यापैकी कुणी वर्गातल्या मुलीचा फोटो अशा ॲपमध्ये टाकतो, तेव्हा या तीनपैकी किती गोष्टी तिला विचारतो?

आता जरा बारकाईने बघा. ॲपने कपाळापासून हनुवटीपर्यंतचाच भाग बदललाय. कान ढोलवाल्याचे आहेत, मानेचा रंग त्याचा आहे, मनगटावरचा धागा त्याचा आहे. सरांच्या चष्म्याची दांडी कानापाशी पोचायच्या आत विरून गेलीय. ढोलाचा टिपरू तोंडासमोरून जातो तेव्हा क्षणभर चेहरा फाटल्यासारखा होतो. मुलीच्या फोटोत नाकातली चमकी एका चित्रात असते, पुढच्या चित्रात नसते. एवढं तुम्हाला ओळखता येईल.

पण खोटं ओळखता आलं म्हणून काम भागत नाही. स्पेनमध्ये आल्मेन्द्रालेखो नावाचं गाव आहे, आपल्या तालुक्यासारखंच, तीसेक हजार वस्तीचं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या वीसहून जास्त मुलींचे कपडे नसलेले फोटो गावभर व्हॉट्सॲपवर फिरले. मुली अकरा ते सतरा वर्षांच्या. एकीनेही असा फोटो कधी काढलेला नव्हता. ओळखीच्याच मुलांनी त्यांचे इन्स्टाग्रामवरचे साधे, अंगभर कपड्यांतले फोटो उचलले आणि ॲपमध्ये टाकले होते. फोटो बनावट आहेत हे आयांना कळलं, पोलिसांना कळलं, सगळ्या गावाला कळलं. तरी काही मुली घराबाहेर पडेनात. शरीर दुसऱ्याचं असलं तरी चेहरा तिचा होता, आणि दुसऱ्या दिवशी बाकावर बसलेलीही तीच होती. पुढच्या वर्षी तिथल्या बाल न्यायालयाने पंधरा मुलांना एक वर्ष देखरेखीखाली ठेवलं. चौदा वर्षांखालच्यांवर तिथे खटला चालत नाही, म्हणून ती मुलं या पंधरांत नाहीत.

आपल्याकडे काय? तुम्ही सगळे अठराच्या आतले. अठराच्या आतल्या कुणाचंही अश्लील चित्र बनवलं तर पॉक्सो कायदा लागतो. 'पण बाई, ते खरं नव्हतं' हे उत्तर चालत नाही, कारण २०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि संगणकावर बनवलेलं किंवा फेरफार केलेलं, मुलासारखं दिसणारं चित्रही त्यात आलं. बनवणारा स्वतः पंधरा वर्षांचा असला तरी बनवलेली वस्तू बेकायदेशीरच.

आता हे तुमच्या ग्रुपवर आलं तर काय करायचं? कुणाला पाठवायचं नाही. जिचा फोटो आहे तिलाही नाही, 'तुला माहीत असावं म्हणून' असं सांगूनही नाही. आणि पुरावा म्हणून मलाही पाठवायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर लिहा : ग्रुपचं नाव, कुणाच्या नंबरवरून आलं, तारीख, वेळ. ते पान घेऊन माझ्याकडे या, नाहीतर घरी आईबाबांना दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्याकडे आलात आणि 'बाई, कुणाला सांगू नका' म्हणालात, तर मी हो म्हणणार नाही. अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं मला कायद्याने बंधनकारक आहे. तुमचं नाव वर्गात कुणाला कळणार नाही, एवढा शब्द देते. गप्प बसण्याचा शब्द मात्र देता येत नाही."

इथे भाषण संपलं. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की शेवटचं ऐकून आता एकही मूल येणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

पिंपळपार

भाषण आवडलं, पण काळजीही वाटली. ॲप दाखवलंत म्हणजे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. माझा नातू सातवीत आहे, तो घरी येऊन पहिलं तेच शोधेल.

खडूफळा

काका, ॲपचं नाव घेतलं नाही, चिन्हही दाखवलं नाही. घरी तयार केलेली बारा सेकंदांची क्लिप होती, तेवढीच लावली. आणि नाव सांगायची गरज आहे कुठे? रील बघताना दोन जाहिरातींमागे एक जाहिरात याच ॲपची येते.

कोल्हापुरी_मिसळ

एकदम कडक बोललात बाई. एकाद्या पोरावर ६६अ लावून बघा, अख्खी शाळा सरळ होते की नाही ते! फोटो काय, मेसेज काय, सगळं त्यात येतंय.

कज्जेदलाल

मिसळराव, आयटी कायद्यातलं ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलं. ते आता कुणाला लागत नाही. ६७ब आहे, ते मुलांच्या अश्लील चित्रांचं, आणि पॉक्सो. बाईंनी पॉक्सोबद्दल सांगितलं ते बरोबर आहे.

मी बाल न्याय मंडळासमोर उभा राहतो, म्हणून शेवटच्या मुद्द्यावर लिहितो. पॉक्सोचं कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. त्यात शिक्षक आले, शिपाई आले, शेजारीही आले. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे कलम मुलांना मात्र लागू नाही. म्हणजे ग्रुपमधल्या ज्या मुलीने फोटो बघितला आणि भीतीने कुणाला सांगितलं नाही, ती गुन्हेगार ठरत नाही. भाषणात हे एक वाक्य घाला. मुलांना उगाच वाटत राहतं की इतके दिवस गप्प बसलो, आता बोललो तर आपणच अडकू.

मुख्याध्यापक सहसा काय करतात? दोन्हीकडच्या पालकांना बोलावतात, मुलाकडून माफीनामा लिहून घेतात आणि फाइल कपाटात ठेवतात. चित्र अश्लील असेल तर तो मार्ग कायद्याने उघडाच नाही. शाळेची चौकशी जरूर व्हावी, पण पोलिसांना कळवण्याच्या ऐवजी नव्हे.

ऐकणारी

मी शाळांमध्ये समुपदेशन करते. खडूफळा, तुमच्या मुख्याध्यापकांची भीती पोकळ नाही. तेरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा येते तेव्हा ती 'माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत असं झालं' म्हणून सुरुवात करते. आपण कसे वागतो ते चाचपून बघत असते. 'पोलीस' हा शब्द आधीच कानावर पडलेला असेल तर ती दारातूनच मागे फिरते. तुमचं वाक्य खरं आहे, पण दोनशे मुलांसमोर, शेवटचं वाक्य म्हणून ते भिंतीसारखं उभं राहतं.

खडूफळा

मग काय करू? आधी 'विश्वास ठेव' म्हणायचं, तिने सगळं सांगितल्यावर 'आता मला ठाण्यात जावं लागेल' म्हणायचं? हे मला जास्त वाईट वाटतं. एकदा असं झालं की त्या वर्गातलं कुणीच पुन्हा येणार नाही.

ऐकणारी

फसवा असं मी म्हणत नाही. वाक्य ठेवा, पण त्याच्यानंतर पुढे काय काय होतं तेही सांगा. मुलींना पोलीस म्हणजे गणवेश, जीप, गल्लीतली माणसं दारात, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

कज्जेदलाल

हे मात्र पटलं. कलम २४ नुसार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा. मुलीला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. वर्तमानपत्रात नाव, शाळा, फोटो देता येत नाही. एवढं साध्या मराठीत सांगितलंत तर भिंतीला निदान एक दार पडेल. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात हे पाळलं जातं का, तर नाही. पालकांनी कलम सांगितलं की मात्र पाळतात, असा अनुभव.

बंडूतात्या

माझ्या बाबतीतही हेच झालेलं. मोबाईलवर कर्जाचं ॲप घेतलं होतं, पाच हजार उचलले. हप्ता चुकल्यावर माझा चेहरा कुठल्या तरी घाणेरड्या फोटोला लावून बहिणीला आणि मेव्हण्याला पाठवला. शाळेत यावर भाषण झालं असतं तर बरं झालं असतं. आता पैसे भरू का नको?

कज्जेदलाल

तात्या, तुमचं प्रकरण खंडणीचं आहे, या धाग्याचा विषय वेगळा. पैसे भरू नका, भरले की पुढची मागणी येते. १९३० वर फोन करा, तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवा आणि आलेले मेसेज पुसू नका.

कोल्हापुरी_मिसळ

बघा, वकीलसाहेब तात्यांना पुसू नका म्हणतात आणि बाई मुलांना फोटो ठेवू नका म्हणतात. मग पुरावा राहणार कुठे? उद्या पोरगं म्हणालं मी पाठवलंच नाही, तर?

खडूफळा

'ठेवू नका' असं मी म्हटलेलंच नाही, 'पाठवू नका' म्हटलं. पण प्रश्न बरोबर आहे. मुलांनीही तोच विचारला.

कज्जेदलाल

दोन गोष्टींची गल्लत होतेय. तात्यांचा फोटो प्रौढ माणसाचा, इथला मुलांचा. मुलांचं अश्लील चित्र जवळ बाळगणं हाच वेगळा प्रश्न आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चित्र कुणी पुसलंही नाही आणि त्याची खबरही दिली नाही, तर त्यावरून पुढे पाठवण्याचा इरादा होता असं धरता येऊ शकतं. म्हणून स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या गॅलरीत, मग शिक्षकांच्या ग्रुपवर, मग मुख्याध्यापकांच्या फोनवर, ही साखळी अजिबात नको. असा प्रकार मी पाहिलाय. वर्गशिक्षकांनी 'माहितीस्तव' स्टाफ ग्रुपवर टाकलं आणि तासाभरात चाळीस फोनमध्ये त्या मुलीचं चित्र होतं. गुन्हा एका मुलाने केला आणि पसरवला मोठ्यांनी.

करायचं असं. ज्या फोनवर ते आलं तो फोन जसा आहे तसा ठेवा, ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका, चॅट पुसू नका. बाईंनी सांगितलेली टिपणं काढा. इन्स्टाग्रामवर असेल तर त्या खात्याचं नाव नेमक्या अक्षरांत लिहा, नावातलं टिंब किंवा खालची रेघ चुकली तर दुसरंच खातं निघतं. पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा. मग त्याच दिवशी पालकांसोबत कळवा. पोलीस फोनवरून प्रत काढून पंचनामा करतात, कोर्टात तीच चालते. आपण फॉरवर्ड केलेल्या प्रतीला तिथे फारसं वजन नसतं, तिच्यावरून मूळ कुठून आलं ते सिद्ध करता येत नाही.

त्याच दिवशी म्हणतो त्यालाही कारण आहे. पाठवणाऱ्याने 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की तुमच्या फोनमधलंही जातं.

नंदिनी_एडिसन

मी न्यू जर्सीत राहते, इथे आमच्या शेजारच्या काउंटीत वेस्टफील्ड हायस्कूलमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अगदी असंच घडलं. पालकांचा सगळ्यात मोठा राग शाळा किती कमी बोलली यावर होता. तेव्हा राज्यात यासाठी वेगळा कायदाही नव्हता, तो २०२५ मध्ये झाला.

एक उपयोगी गोष्ट. takeitdown.ncmec.org ही सेवा अठराखालच्यांसाठी आहे, भारतातूनही वापरता येते, नाव द्यावं लागत नाही. फोटो अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्याची एक अंकांची खूण तयार होते आणि तेवढीच खूण इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंकडे जाते. तेच चित्र तिथे कुणी टाकलं की ते पकडलं जातं.

कज्जेदलाल

चांगली सोय आहे, पण तिच्या मर्यादाही सांगाव्यात. व्हॉट्सॲपच्या खासगी ग्रुपमध्ये तिचा उपयोग नाही. चित्र कापलं, त्यावर मोठं स्टिकर चिकटवलं तर खूण जुळेल याची खात्री नसते. आणि खूण काढायला चित्र कुणाच्या तरी फोनवर लागतं, त्यामुळे आधी पोलिसांना कळवावं आणि मग हे. शिवाय इन्स्टाग्रामवर थेट तक्रार करायची ती वेगळी. फेरफार केलेलं किंवा नग्न चित्र तक्रारीनंतर काढायला २०२१ च्या नियमांत चोवीस तासांची मुदत घातली होती.

टिंब

मी नुकताच बारावी झालो. सॉरी मॅडम, पण भाषण एका बाजूला फार झुकलंय. आमच्या वर्गात नग्न फोटो कुणी बनवले नव्हते. रोज व्हायचं ते वेगळं. एक मुलगा जरा हळू बोलायचा, त्याचा चेहरा लावणी करणाऱ्या बाईवर लावला आणि त्याचा स्टिकर केला. दोन वर्षं तो काहीही बोलला की ग्रुपवर तो स्टिकर पडायचा. त्याने शेवटी गॅदरिंगला यायचंच सोडलं. त्याला कुठलं कलम लागतं?

कज्जेदलाल

पॉक्सो नाही. बदनामी वगैरे ओढूनताणून म्हणता येईल, पण चौदा वर्षांच्या मुलावर ती केस घेऊन मी उभा राहणार नाही. हे शाळेचं काम आहे.

टिंब

तेच म्हणतोय. तुमचं सगळं भाषण कायद्यावर उभं आहे. मुलं काय ऐकणार, की अश्लील केलं तर पोलीस, बाकी सगळं चालतं.

खडूफळा

हे टोचलं, पण मुद्दा खरा आहे. पाचवी-सातवीला तर मला स्टिकरपासूनच सुरुवात करायला हवी. त्या वयात कपड्यांपेक्षा हेच जास्त चालतं. ढोलवाल्याच्या क्लिपवर सगळे हसले ते मी तसंच सोडून दिलं. त्याऐवजी तिथेच थांबून विचारता येईल, की आता सर 'पुरे, काढून टाका' म्हणाले आणि मी तरीही रोज परिपाठाला हीच क्लिप लावली, तर?

पिंपळपार

आणि ते मुलाचं काय? बनवणाऱ्याचं म्हणतोय. एका मूर्खपणासाठी आयुष्यभर पोलीस रेकॉर्ड?

कज्जेदलाल

नाही. सोळाच्या आतला असेल तर तो प्रौढांच्या कोर्टात जाऊच शकत नाही. मंडळ समुपदेशन, समाजसेवा, देखरेख असं काही सुचवतं, गंभीर असेल तर विशेष गृहापर्यंत जातं. शिक्षा झाली म्हणून पुढे नोकरीला अपात्र ठरत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या असतात. हेही मुलांना सांगा. 'आयुष्य संपलं' असं वाटलं की बनवणारा मुलगा फोन फोडतो, पळून जातो, काहीही करतो.

माळावरची_शाळा

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. कुणीच न विचारलेला प्रश्न विचारतो. मुलींचे चेहरे स्पष्ट दिसतील असे फोटो ॲपवाल्यांना मिळतात कुठून? आमच्या आठवीच्या मुलींकडे इन्स्टाग्राम नाही. पण शाळेच्या फेसबुक पानावर स्नेहसंमेलनाचे, गुणवंतांच्या सत्काराचे, क्रीडादिनाचे फोटो आहेत, एकेक चेहरा नीट, खाली नाव आणि इयत्ता. ते आपणच टाकले. वरून आदेश असतो, उपक्रमाचे फोटो टाका म्हणून.

खडूफळा

आमच्या पानावर २०१८ पासूनचे आहेत. पालकांची लेखी संमती एकाचीही घेतलेली नाही.

ऐकणारी

मग पाचवीच्या भाषणाआधी तेवढं करा. लांबून काढलेले समूहाचे फोटो ठेवा, नावं काढा, जवळून काढलेले चेहरे काढून टाका. मुली सगळ्यात आधी तेच बघतील.

कोल्हापुरी_मिसळ

आणि सत्काराचे फोटो काढून टाकले म्हणून पालक भांडायला आले की? आमच्याकडे तर फ्लेक्स लावत्यात चौकात, दहावीच्या पोरींचे, नावानिशी.

माळावरची_शाळा

येतील भांडायला. आमच्याकडे एकदा नाव खाली नव्हतं म्हणून आले होते.

खडूफळा

उद्या मुख्याध्यापकांकडे दोन विषय घेऊन जातेय : फेसबुकचं पान आणि भाषणाचा शेवट. कलम २४ मधलं गणवेशाचं आणि मुलांवर कळवण्याची सक्ती नसल्याचं आधी घालते, 'गप्प बसण्याचा शब्द देता येत नाही' त्याच्यानंतर. हे वाक्य काढायला मी तयार नाही. ऐकणारी, मुलींची बैठक वेगळी घ्यावी असं तुम्हाला वाटतं का? मला वाटत नाही, पण स्टाफरूममध्ये मी एकटी आहे.

ऐकणारी

भाषण एकत्रच. प्रश्नोत्तरं मात्र वेगळी घ्या, आणि मुलांच्या बैठकीला एखादा पुरुष शिक्षक असू दे. मुलग्यांचे प्रश्न बाईंसमोर येत नाहीत.

टिंब

आमच्या वेळी पीटीचे सर होते, त्यांना कुणीच काही विचारलं नसतं. कोण सर आहेत त्यावर आहे ते.